भरल्या पोटाची भूक

अंगणवाडीतल्या पोरांची वजनं घेण्यात मरियम उमापची एकोणीस वर्षं गेली होती. कोणतं पोर रोडावलं, कुणाचं सावरलं, हे तिला वही न उघडता सांगता यायचं. स्वतः काट्यावर उभं राहायचं मात्र ती दोन वर्षं टाळत आली होती. त्या मंगळवारी ते टळलं नाही. गावच्या उपकेंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी होती, आणि सेविकांनी आधी आपली करून घ्यावी, म्हणजे बाकीच्या बाया येतील, असं ठरलं होतं.

"अठ्ठ्याहत्तर," आरती मॅडम म्हणाल्या. त्या उपकेंद्रावरच्या आरोग्य अधिकारी, वयानं तिशीच्या आत, वर्षभरापूर्वी संगमनेरहून आलेल्या. त्यांनी जुनं कार्ड पाहिलं. "इथं एकसष्ट लिहिलंय. लिहिताना चुकलं का?"

"नाही. तेही बरोबर आहे."

"दोन वर्षांत सतरा किलो? जेवण काय काय असतं?"

मरियमनं सांगितलं. सकाळी चहा आणि चपाती. दुपारी भाकरी, कालवण, थोडा भात. रात्री अर्धी भाकरी, कधी तीही नाही. सांगताना तिनं एक गोष्ट गाळली. दुपारी तीन-साडेतीनला अंगणवाडी बंद करून घरी आलं की तिला जी भूक लागायची, तिच्याबद्दल ती बोलली नाही. त्या वेळी ती फरसाणाची पुडी फोडायची, खारी खायची, गूळ-शेंगदाणे खायची, आणि पोट भरल्याचं कळूनही हात थांबायचा नाही. स्वयंपाकघराच्या दाराला पाठ करून ती उभ्यानं खायची. कुणी नसलं तरी.

"एवढ्यानं सतरा किलो वाढत नाही हो," आरती मॅडम म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता, पण विश्वासाचाही नव्हता. त्यांनी थायरॉइड आणि साखरेसाठी रक्त घेतलं आणि एक छापील कागद हातात दिला. भात कमी, तेल-साखर कमी, रोज पाऊण तास चालणं. "पहाटे उठून चाला. पहाटे तुमच्याकडे कुणाचं काम नसतं."

मरियम हो म्हणाली.

पहाटे तिच्याकडे काम असायचं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा कृपादान आपल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तारेचं वेटोळं हातात घेऊन बसल्या जागी कलंडला होता. डोक्यात रक्ताची गाठ झाली. नगरच्या दवाखान्यातून तो जिवंत घरी आला, पण उजवं अंग आणि वाचा गेली. त्याला सगळं कळायचं, ऐकू यायचं. बोलता यायचं नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या माकडहाडावर जखम झाली. रुपयाएवढी दिसणारी ती जखम आत बोटभर खोल होती. ती भरायला चार महिने लागले. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. तेव्हापासून मरियमच्या मोबाईलवर अकरा, एक, तीन आणि पाचचे गजर लागलेले होते. आवाज बंद करून ती मोबाईल उशीखाली ठेवायची, म्हणजे थरथरला की तिलाच कळावं. एकुलती लेक एंजल पुण्यात नर्सिंग शिकत होती. घरात ही दोघंच. दिवसा मरियम अंगणवाडीत असताना शेजारीण येऊन त्याला वळवून जायची.

गजर थरथरायच्या आधीच तिला जाग यायची. छातीत धडधडत असायचं. त्याला वळवायचं, चादरीची सुरकुती काढायची, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, लघवीची पिशवी बघायची. मग आडवं पडून, त्याचा श्वास नीट चालू आहे ना, हे ऐकत राहायचं. झोप लागते न लागते तोच पुढचा गजर.

कागद मिळाल्यावर तिनं पाचचा गजर झाला की पुन्हा पडायचं सोडलं. कृपादानला वळवून ती तशीच पाटाच्या रस्त्यानं चालायला निघायची. रात्रीची भाकरी तर बंदच केली. तीन आठवडे तिनं हे नेटानं केलं. दुपारी खिचडी वाढताना तिचे डोळे मिटायचे. पोरांची गाणी घेताना ओळ विसरायची. आणि साडेतीनला घरी आल्यावर आधी जिथं अर्धी पुडी संपायची, तिथं आता पूर्ण संपायला लागली. चौथ्या आठवड्यात तिनं अंगणवाडीतल्या मोठ्या काट्यावर, कुणी नाही बघून, वजन केलं. एकोणऐंशी.

थायरॉइडचा अहवाल चांगला आला. साखर काठावर निघाली. म्हणजे आजारही नाही, मग दोष आपलाच, असं तिनं मनात धरलं.

*

जून संपता संपता तक्रार झाली. नाव नसलेला अर्ज तालुक्याच्या कार्यालयात गेला. सेविका पोरांचा खाऊ खाते, तिच्याकडे बघितलं तरी कळेल, असं त्यात लिहिलं होतं.

पर्यवेक्षिका राजेश्वरी मॅडम न कळवता आल्या. त्यांनी तांदळाचं पोतं, डाळ, चटणी-मिठाची पाकिटं, तेलाचे डबे, सगळं काढायला लावलं. मोबाईलवरच्या नोंदी आणि हजर पोरं जुळवून पाहिली. पोरं भिंतीला टेकून गप्प बसली होती. मदतनीस भागूबाई चुलीपाशी उभी राहून सगळं बघत होती. ती साठीला आलेली, मरियमच्या आधीपासून अंगणवाडीत होती.

"सगळं बरोबर आहे," दीड तासानं राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. "अर्ज आला की मला यावं लागतं, मरियमताई. पण लोक बोलतात. तुम्हीही जरा स्वतःकडे बघा."

"काय बगायचं त्यांनी सोताकडं?" भागूबाई म्हणाली. "तुमी आमच्या खिचडीकडं बगितलं, लई झालं. ह्या बाईनं पोरांच्या ताटातला शीतसुदिक कधी उचलला न्हाई. मी शिजवती, मी वाढती, मला म्हाईत हाय."

"भागूबाई, राहू द्या," मरियम म्हणाली.

मॅडम गेल्यावर तिनं पोरांना वाढलं. तिनं पोरांचा घास कधीच खाल्ला नव्हता, तरी तिला चोरी पकडली गेल्यासारखं वाटत होतं. कारण घरच्या स्वयंपाकघरात दाराला पाठ करून खाणारी बाई तिला माहीत होती. त्या दिवशी ती घरी आली आणि फरसाणाला हात लावायचा नाही असं ठरवून कृपादानपाशी बसली. पाचपर्यंत बसली. मग उठून तिनं डब्यातला सगळा गूळ खाल्ला.

*

त्याच आठवड्यात एस्तेरताई श्रीरामपूरहून आल्या. कृपादानची ही थोरली बहीण, बासष्ट वर्षांची, काटक, विधवा. बसस्टँडवरून हातात पिशवी घेऊन चालत आल्या. दारातून ख्रिस्ती रिवाजानं "सलाम" केला आणि सरळ भावाच्या पलंगापाशी गेल्या. त्याचा डावा हात धरला. मनगट अंगठ्या-बोटाच्या वेढ्यात सहज मावत होतं. मग त्यांनी वळून मरियमकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. बोलल्या काही नाहीत.

बोलल्या दुसऱ्या दिवशी, जेवताना.

"मरियम, मी वाकडं बोलत नाही. पण माझा भाऊ वाळून काडी झालाय अन् तू अशी. लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"त्यांना गिळायला त्रास होतो, ताई. मी चार-चार वेळा भरवते. त्यांचे स्नायू गेलेत."

"अन् तुझं?"

पलीकडच्या खोलीत कृपादान हे ऐकत असणार, हे मरियमला माहीत होतं.

"माझं मला कळत नाही," ती म्हणाली.

"मला कळतंय. दुःखात माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. माझा नवरा गेला तेव्हा मी दहा किलो उतरले होते." एस्तेरताईंनी पाण्याचा घोट घेतला. "तू दिवसभर बाहेर असतेस. रात्री पडल्यावर तुला जाग येत असेल नसेल, देव जाणे. आता मी आले ना, त्याची रात्र मी करते. कशी करायची ते तू बघ."

मरियमनं वाद घातला नाही. तिनं मोबाईल त्यांच्या हातात दिला, गजर दाखवले, कूस कशी बदलायची ते दाखवलं. आपला बिछाना आतल्या खोलीत नेला.

पहिल्या रात्री तिला झोप आली नाही. मोबाईल जवळ नव्हता, तरी अकराला, एकला, तीनला ती टक्क जागी झाली. धडधडतच. उठून दारापर्यंत गेली, एस्तेरताई वळवताहेत ना ते बघितलं, परत आली. दुसऱ्या रात्रीही तेच. आता पडायला जागा होती, वेळ होता, आणि अंग मात्र पहाऱ्यावरून उतरायला तयार नव्हतं. तिला भीती वाटली की झोपायचंच आपण विसरलो. चौथ्या रात्री ती नऊ वाजता पडली आणि डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं. कोणत्या गावात आहोत हे क्षणभर तिला कळेना.

सहाव्या-सातव्या दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. साडेतीनला घरी आल्यावर तिनं चहा केला, दोन बिस्किटं घेतली आणि पुडा बांधून ठेवला. बांधून झाल्यावरच तिला कळलं की आपण तो बांधला. मनाशी काही ठरवलं नव्हतं. भूक जेवढी असायला हवी तेवढीच होती.

एस्तेरताईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. पहिले दोन दिवस त्या उत्साहात होत्या. तिसऱ्या दिवसापासून सकाळी चिडचिड सुरू झाली. कपबशी आपटायची, दूध उतू जायचं, प्रार्थना म्हणताना मध्येच शब्द हरवायचा. दुपारी झोपायला बघायच्या तर गावातला टेम्पो भोंगा वाजवत यायचा, नाहीतर कृपादानला खोकला यायचा.

नवव्या दिवशी अंगणवाडीत पोरं कमी होती. मरियम लवकर घरी आली. पुढच्या खोलीत कृपादान डाव्या कुशीवर होता, डोळे उघडे. स्वयंपाकघरात एस्तेरताई ओट्यापाशी उभ्या होत्या, दाराकडे पाठ करून. एका हातात फरसाणाची पुडी होती. दुसऱ्या हातानं त्या ओट्यावर सांडलेली शेव बोटानं टिपून तोंडात टाकत होत्या. शेजारी गुळाचा डबा उघडा होता.

मरियम दारातच थांबली. त्या पाठीकडे बघताना तिला आपलीच पाठ दिसली, आणि तिला आनंद झाला नाही. एस्तेरताईंना ती आल्याची चाहूल लागली आणि त्यांनी पुडी खाली ठेवली. तोंड पुसलं.

"दुपारी जेवले होते गं मी," एस्तेरताई म्हणाल्या. "दोन भाकरी खाल्ल्या. पोट भरलंय. तरी..." त्या खाली बसल्या. "चार दिवस झाले असं होतंय. गोड बघितलं की हात जातो. मी कधी गोड खात नाही, तुला माहीत आहे. मला काय झालंय?"

मरियम त्यांच्या समोर बसली.

"रोज साडेतीनला होतं ना?"

एस्तेरताईंनी मान वर केली.

"माझंही तेव्हाच व्हायचं," मरियम म्हणाली. "दोन वर्षं. मी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनाही नाही."

मग एस्तेरताईंनी डब्याचं झाकण लावलं.

*

एस्तेरताईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोघी उपकेंद्रात गेल्या, कृपादानपाशी भागूबाईला बसवून. गावाहून निघतानाच श्रीरामपूरच्या दवाखान्यात त्यांचं वजन झालं होतं, ते कार्डावर होतं. त्रेपन्न. आज काट्यानं चोपन्नच्या वर थोडं दाखवलं. रक्तदाबही वाढलेला होता.

"दहा दिवसांत किलोभर?" आरती मॅडम म्हणाल्या. "पाहुणचार जोरात दिसतोय."

"पाहुणचार नाही," एस्तेरताई म्हणाल्या. "भावाला रात्री वळवते. दर दोन तासांनी."

आरती मॅडमचा पेन थांबला. त्यांनी मरियमकडे पाहिलं. "दर दोन तासांनी? रोज? आधी कोण करत होतं?"

"मीच."

"दोन वर्षं?"

"जखम झाल्यापासून. पावणेदोन म्हणा."

"सगळी मिळून झोप किती व्हायची?"

"चार तास. तुटक तुटक. नंतर चालायला जायला लागले, मग साडेतीन."

आरती मॅडमनी पेन खाली ठेवला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला ताटात काय असतं ते विचारलं. झोपता किती ते विचारलंच नाही. वर पहाटे उठायला सांगितलं."

"मीही खोटं बोलले होते, मॅडम," मरियम म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. पुडी, गूळ, दाराला पाठ, पोट भरल्यावरची भूक.

"हे तुमच्या जिभेचं नाही," आरती मॅडम म्हणाल्या. "म्हणजे खाणं वाढलं, ते खरं. वजन हवेनं वाढत नाही. पण ती भूक कुठून आली ते बघा. झोप तोडली की भूक लावणारं जे द्रव्य शरीरात असतं, ते वाढतं. पोट भरलं असं सांगणारं असतं, ते कमी होतं. मग भरल्या पोटीही खावंसं वाटतं, आणि तेही गोड, तेलकट. दिवसाला दोन-तीन चपात्यांएवढं जास्त जातं आणि कळत नाही."

"अन् मी नवरा गेला तेव्हा वाळले ते?" एस्तेरताईंनी विचारलं. प्रश्न मरियमकडे न बघता विचारला होता.

"अचानक धक्का बसला की पुष्कळांची भूक मरते. काहींचं वजन उतरतं. पण रोजचीच काळजी, महिनोन्महिने, ती वेगळी. तेव्हा ताणाचं द्रव्य अंगात सारखं चढलेलं राहतं. ते भूक वाढवतं, साखर वाढवतं, आणि चरबी पोटावर बसवतं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. यांचं झालं." त्या मरियमकडे वळल्या. "आणि त्यात तुम्ही रात्रीचं जेवण तोडलंत. झोप नसताना उपास केला तर चरबी कमी जाते आणि मांसच जास्त झडतं. दुसऱ्या दिवशी भूक दुप्पट."

"मग आता चालायचं नाही का?"

"चालायचं. झोप मोडून नाही. संध्याकाळी वीस मिनिटं पुरे. रात्री जेवायचं, भाकरी, डाळ, भाजी, पोटभर. आणि आधी झोप. घोरता का?"

"नाही," एस्तेरताई म्हणाल्या. "मी ऐकते ना रात्रभर. ती नाही घोरत."

आरती मॅडमनी कृपादानची गादी कसली आहे ते विचारलं. कापसाची, म्हटल्यावर त्यांनी ग्रामीण रुग्णालयात फोन लावला. मग समजावलं, हवेची गादी असते, तिच्यातल्या नळ्या आळीपाळीनं फुगतात आणि बसतात, त्यामुळे एकाच जागी भार पडत नाही. तिथल्या फिजिओथेरपिस्टनं येऊन त्वचा बघितली आणि ती ठीक राहिली, तर रात्रीचं वळवणं चार तासांवर नेता येईल. "पण बंद करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी पाठ बघायची. लाल दिसलं तर परत दोन तास."

परतताना दोघी पाटाच्या कडेनं चालल्या. उसाला पाणी चालू होतं. एस्तेरताई मागे राहिल्या होत्या. मरियम थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "तो रात्री जागा असतो, तुला माहीत आहे?"

"कोण?"

"कृपा. मी वळवायला उठते तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात. दुखत असलं तरी हूं का चूं करत नाही. परवा त्याचा हात अंगाखाली अडकला होता, बोटं निळी पडली होती. त्यानं आवाज केला नाही. मी उठू नये म्हणून."

पावणेदोन वर्षं मरियमला वाटत होतं की तो झोपलेला असतो.

त्या संध्याकाळी ती पलंगाच्या कडेला बसली. "तुम्ही आवाज करायचा," तिनं कृपादानला सांगितलं. "दुखलं की पलंगाच्या पट्टीवर हात आपटायचा. मी उठेन. नाही आपटलात तर मला जास्त त्रास. कळलं?" त्यानं डावा हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला. तो हो म्हणाला की नाही, हे तिला समजलं नाही.

*

गादी आठवड्यानं आली. रुग्णालयात शिल्लक नव्हती, एंजलनं पुण्याहून पाठवली. तिचा पंप सारखा घुमायचा, पहिल्या रात्री कृपादान अस्वस्थ झाला, मग सवय झाली. फिजिओथेरपिस्टनं येऊन बघितलं, पाठीची त्वचा ठीक राहिली होती. गजर दोनच उरले.

पंचविसाव्या दिवशी एस्तेरताईंच्या मुलाचा फोन आला. सुनेला दिवस भरत आले होते, आईनं परत यावं. मरियम त्यांना सोडायला स्टँडवर गेली. दुपारची वेळ होती. बसला अवकाश होता. शेडखाली दोघीच बाकावर बसल्या.

"मला तुला एक सांगायचंय," एस्तेरताई म्हणाल्या. "एप्रिलमध्ये आपल्या नात्यातल्या शांतवनच्या लग्नात तुझ्या गावच्या बाया माझ्या पंगतीला होत्या. मी त्यांना म्हणाले, भावाच्या तोंडात घास जात नाही अन् भावजय फुगतेय, खाते कुठून काय माहीत. बस, एवढंच म्हणाले. अर्ज मी लिहिला नाही. पण तिथूनच झालं असणार ते."

रस्त्यापलीकडे एकजण रसवंतीचा चरक धूत होता.

मरियमच्या डोळ्यांपुढे भिंतीला टेकलेली पोरं आली. काढून ठेवलेलं पोतं. 'स्वतःकडे बघा.' त्या दिवसापासून दोन आया पोरांना सोडायला दारापर्यंत येऊन तिच्याशी न बोलता परत जायच्या. ते अजून थांबलं नव्हतं.

"तुम्ही मला विचारायचं होतं," ती शेवटी म्हणाली.

"व्हय. विचारायचं होतं."

"मी सांगितलं असतं का, तेही मला माहीत नाही. पण विचारायचं होतं."

एस्तेरताईंनी पदरानं डोळे पुसले. माफ कर असं त्या म्हणाल्या. माफ केलं म्हणणं खोटं झालं असतं, नाही म्हणणंही. चर्चमध्ये बसून हा शब्द दर रविवारी म्हणताना सोपा वाटायचा. बस आली. तिनं पिशवी उचलून आत दिली.

"मी शुक्रवारी येते," खिडकीतून एस्तेरताई म्हणाल्या. "शुक्रवार, शनिवार रात्री करीन. बाळंतपण होऊ दे, मग जास्त."

"दुपारची बस धरा," मरियम म्हणाली. "अंधार करून येऊ नका."

एस्तेरताई त्या शुक्रवारी आल्या आणि पुढच्याही. बाळंतपणाच्या महिन्यात दोनदा चुकल्या. येताना त्या गावातून सरळ घरी येत नसत. ज्या बाया त्या लग्नाच्या पंगतीला होत्या, त्यांच्या दारात उभं राहून आपण काय बोललो होतो आणि ते कसं चुकीचं होतं, हे सांगत. काहींनी ऐकलं. एकीनं विचारलं, मग ती अजून बारीक का नाही झाली? एस्तेरताई तिला म्हणाल्या, "तू दोन वर्षं जाग, मग सांगते."

मरियम बारीक झाली नाही. पहिले दोन महिने काटा एकोणऐंशीवर होता तिथंच राहिला. आरती मॅडम म्हणाल्या, थांबला हेच पहिलं. दिवाळीनंतर तो सत्त्याहत्तरवर आला, साखर किंचित उतरली. आठवड्यातल्या पाच रात्री अजून दोन गजर होते, आणि धडधड होऊन जाग येणं पूर्ण गेलं नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत एंजलचा फोन उशिरा आला, किंवा कृपादानला ताप आला, की चार दिवस झोप मोडायची आणि साडेतीनची भूक परत यायची. आता ती आली की मरियम तिला ओळखायची. ताट घेऊन खाली बसायची आणि कृपादानच्या पलंगापाशी, त्याला दिसेल असं, जेवायची.

त्या दोन आया अजून बोलत नव्हत्या. त्यांच्यातल्या एकीचं पोर, तीन वर्षांचं, नोव्हेंबरच्या वजनाला पावशेरानं घटलेलं निघालं. मरियमनं त्या आईला थांबवलं. बाई मान फिरवून उभी राहिली.

"पोर रात्री झोपतं का?" मरियमनं विचारलं.

बाईनं तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी.

"न्हाई," ती म्हणाली. "लई खोकतंय. रात्रभर मीपन बसलेली असती."

"या, आत बसा," मरियम म्हणाली, आणि भागूबाईला तिनं चहा टाकायला सांगितला.